सोसायटीकडे पार्किंगचा नियम मागणारं पत्र: आधी काय तपासायचं, काय लिहायचं, पुढे काय करायचं

मराठवाड्यात सोसायटीतली पार्किंगची भांडणं होळीनंतर वाढतात. हिवाळाभर गाडी कंपाउंडच्या भिंतीलगत उभी राहिली तरी कुणाचं काही बिघडत नाही. एप्रिल लागला, पारा चाळिशीपार गेला की स्टिल्टखालची सावलीतली जागा आणि उघड्यावरची जागा यांतला फरक स्टिअरिंगला हात लावताच कळतो. मग ‘ही जागा त्यांनाच का?’ असा प्रश्न निघतो आणि बहुतेक इमारतींत त्याचं उत्तर ठरलेलं असतं: पहिल्यापासून ते तिथंच लावतात.

हे उत्तर बदलायचं तर लेखी पत्रच द्यावं लागतं. पण ‘मला एक जागा द्या’ असं पत्र गेलं की कमिटी ते एका घराची तक्रार म्हणून वाचते आणि ‘सध्या जागा शिल्लक नाही’ असं कळवून फाइल बंद करते. ‘जागावाटपाचा नियम ठरवा, हा त्याचा मसुदा, वार्षिक सभेपुढे ठेवा’ असं पत्र गेलं तर त्याला एका ओळीत वाटेला लावता येत नाही. पुढे जे लिहिलंय ते या दुसऱ्या पत्राबद्दल आहे.

उदाहरणासाठी एक इमारत धरू. छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या बाजूची, २००८ च्या सुमारास बांधलेली, सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून नोंदलेली. सदनिका २४. कार लावायच्या जागा १७. त्यांतल्या १२ स्टिल्टखाली आणि ५ उघड्यावर. कार असलेली घरं १९, त्यांतल्या तिघांकडे दोन-दोन कार, म्हणजे एकूण २२ गाड्या. आज १४ घरांनी मिळून १७ जागा धरल्या आहेत (तिघांनी दोन-दोन, अकरा जणांनी एक-एक) आणि पाच घरांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात. पत्र या पाचांपैकी एका घरातून निघणार आहे.

कागद आधी, पत्र नंतर

पहिला प्रश्न असा की तुमची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट. बोलताना आपण सरसकट सोसायटी म्हणतो, पण आपल्याकडच्या शहरांत पुष्कळ इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खाली नोंदलेल्या असतात. तिथे बिल्डरनं नोंदवलेलं घोषणापत्र, म्हणजे ‘डीड ऑफ डिक्लरेशन’, आणि त्याला जोडलेल्या उपविधी चालतात. कोणती जागा सामाईक आणि कोणती ठरावीक सदनिकांसाठी राखीव, हे त्या घोषणापत्रात लिहिलेलं असतं. सोसायटी असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि संस्थेच्या मंजूर उपविधी लागू होतात. दुसऱ्याच कायद्याचा हवाला देऊन पत्र गेलं तर पहिल्याच बैठकीत कुणीतरी तेवढंच बोट ठेवणार आणि मूळ मुद्दा राहून जाणार. नोंदणी प्रमाणपत्र बघा. नाहीतर देखभाल खर्चाच्या पावतीवर छापलेला नोंदणी क्रमांक तरी बघा. इथून पुढचं सगळं सोसायटी धरून लिहिलं आहे.

दुसरा कागद तुमच्या संस्थेच्या उपविधींचा. शासनाच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत पार्किंगचे नियम ७८ ते ८४ या क्रमांकांत येतात. तुमच्या संस्थेनं जुन्याच उपविधी ठेवल्या असतील तर क्रमांक आणि मजकूर वेगळा निघू शकतो, म्हणून क्रमांक पत्रात घालण्याआधी आपल्या प्रतीत पडताळा. त्या नियमांचा सरळ अर्थ असा: न विकलेल्या, उपलब्ध जागा कमिटी अर्जाच्या क्रमानं देते. मोटार असलेला सभासद पात्र असतो आणि साधारणपणे एका सभासदाला एकच जागा मिळते. मागणारं कुणी नसल्यामुळे जागा उरली तरच दुसरी किंवा तिसरी मिळते, तीही वर्षापुरती, आणि ज्याला एकही जागा नाही अशा सभासदाला ती लागत नसेल तरच. जागांपेक्षा गाड्या जास्त झाल्या तर कमिटीनं दरवर्षी, पारदर्शकपणे चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं. मिळालेली जागा सभासदाला विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. शुल्क किती, हे सर्वसाधारण सभा ठरवते आणि गाडी लावली काय, न लावली काय, ते भरावं लागतं.

म्हणजे आपल्या उदाहरणातल्या इमारतीला नवा शोध लावायचा नाहीये. तिच्या उपविधींत चिठ्ठ्यांचा नियम आहेच, तो कुणी वापरलेला नाही. पत्राचा सगळा जोर इथून येतो, म्हणून या पानाची झेरॉक्स पत्राला जोडायचीच.

उपविधींची प्रत सचिव देत नसतील तर लेखी मागा. अधिनियमाप्रमाणे उपविधी, सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं, सभासदांची यादी असे कागद सभासदाला पाहता येतात. लेखी मागणी करून ठरलेली फी भरली की ठरावीक मुदतीत प्रत द्यावी लागते. इतिवृत्तं चाळताना ‘पार्किंग’ शब्द शोधा. दहा वर्षांपूर्वीचा एखादा ठराव निघाला आणि तो आजच्या वहिवाटीच्या उलट असला, तर तुमचं अर्धं काम झालं.

तिसरा कागद जरा नाजूक आहे: कुणाच्या खरेदीखतात पार्किंग लिहिलंय का. सदनिकांच्या बांधकाम-विक्रीबद्दलचा १९६३ चा मोफा कायदा लागू असलेल्या इमारतीत स्टिल्टखालची किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला सदनिकेपासून वेगळी काढून विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात दिला. पुढे २०१६ च्या रेरा कायद्यानं उघडी पार्किंग सामाईक क्षेत्रात घातली. रेराखालच्या नव्या प्रकल्पांत मात्र आच्छादित पार्किंग करारनाम्यात क्रमांक आणि मापासह दिलेलं असू शकतं, आणि तसा नोंदणीकृत करार असलेल्याची जागा चिठ्ठीत ओढता येणार नाही. आपल्या जुन्या इमारतीत दोघांकडे बिल्डरच्या लेटरहेडवरची ‘पार्किंग क्र. ४ आपणास देण्यात येत आहे’ अशी चिठ्ठी आहे. नोंदणीकृत करार आणि असं पत्र यांचं वजन सारखं नाही. तरीही पत्रात तुम्ही त्यावर निकाल देऊ नका. ‘ज्यांच्याकडे पार्किंगसंबंधी कागद असतील त्यांनी प्रती संस्थेकडे द्याव्यात’ एवढंच मागा आणि ते तपासायचं काम कमिटीवर सोडा. शेजाऱ्याचा कागद खोटा आहे असं तुम्ही लिहिलंत की उद्यापासून जिन्यात बोलणं बंद होतं, आणि मतदानाच्या दिवशी तेही मत जातं.

रविवारी सकाळी टेप घेऊन खाली उतरा

जागा किती, हा आकडा पत्रात हवाच, आणि तो ऐकीव नको. मंजूर नकाशात पार्किंगच्या जागा दाखवलेल्या असतात. सोसायटीच्या दप्तरात नकाशा नसेल तर महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. म्हणूनच हे काम पत्राच्या बरंच आधी सुरू करायचं.

मग प्रत्यक्ष मोजमाप. एका कारला साधारण २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा धरतात. नकाशावर ओळीत दिसणाऱ्या चार जागांपैकी एखादी दोन खांबांत इतकी अडकलेली असते की गाडी आत जाते, पण दार उघडत नाही. अशी जागा हॅचबॅकला चालेल, मोठ्या गाडीला नाही, असा शेरा मारा. हे आत्ता लिहिलं नाही तर चिठ्ठी निघाल्यावर ‘माझी गाडी तिथं बसतच नाही’ म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट नकाशात नसते पण रोज लागते: टँकर. संभाजीनगर, जालना, लातूर, जिथं नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं तिथं उन्हाळ्यात टँकर आत घ्यावा लागतो किंवा फाटकाशी उभा करून पाइप हौदापर्यंत न्यावा लागतो. हौदाचं झाकण, पंपाची खोली, मीटरचं पॅनेल आणि टँकर वळण्याची वाट या जागा कुणालाच द्यायच्या नाहीत. आपल्या उदाहरणात आधी सगळे १८ जागा म्हणत होते. त्यांतली एक हौदाच्या झाकणावर निघाली. टँकर आला की त्या गाडीवाल्याला फोन करायचा आणि तो ऑफिसात असला की टँकरवाला ताटकळत बसायचा. ती जागा वगळली आणि १७ राहिल्या.

गाड्यांची यादी कमिटीकडून मागा, स्वतः गोळा करू नका. घरोघर फिरून ‘तुमच्या किती गाड्या?’ विचारणाऱ्या सभासदाबद्दल संध्याकाळपर्यंत काय काय बोललं जातं ते सांगायला नको. पत्रात मात्र आकडे अंदाजे म्हणून देता येतात. रिकाम्या पण धरून ठेवलेल्या जागाही टिपा: कुंड्या मांडून ठेवलेली जागा, पाण्याचा ड्रम ठेवलेली जागा, पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या एमएच-१२ गाडीसाठी वर्षभर साखळी लावून ठेवलेली जागा. मुलगा दिवाळीला येतो, साखळी बारा महिने.

मसुदा असा करा की उत्तर नियमातच सापडावं

चांगल्या नियमाची खूण अशी की वाद निघाला तर सचिवांना स्वतःचं डोकं चालवावं लागत नाही, नियम वाचला की उत्तर मिळतं. यासाठी चार-पाच गोष्टी ठरवाव्या लागतात. मी त्या आपल्या उदाहरणावर लावून दाखवतो.

प्रत्येक घराला आधी एक जागा, मगच दुसरी. हे पहिलं वाक्य. त्यानं तीन घरांच्या दुसऱ्या गाड्या बाजूला होतात आणि १७ जागांसाठी १९ घरं उरतात. पात्रतेला आरसी बुकाची प्रत लावायची. गाडी सभासदाच्या, घरात राहणाऱ्या कुटुंबीयाच्या किंवा नोकरी देणाऱ्या कंपनीच्या नावे असावी. साखळी लावलेल्या जागेचा प्रश्न इथंच सुटतो, कारण गाडी इमारतीत कायम लागते का हा निकष लिहून टाकता येतो. आदर्श उपविधी सभासदाच्या गाडीबद्दल बोलतात. भाडेकरूचं काय, ते सभेनं ठरवावं. माझ्या मते घरमालकाची स्वतःची गाडी इथं नसेल तर त्या घराच्या वाट्याची एक संधी भाडेकरूला मिळावी. नाहीतर भाड्यानं दिलेल्या सदनिकांचे मालक ठरावाच्या विरोधात जातील.

चालायला त्रास असलेल्या किंवा अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या घरासाठी लिफ्टजवळची जागा चिठ्ठीबाहेर ठेवा. ‘ज्येष्ठ नागरिक’ एवढाच शब्द घालू नका. पंचवीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्यांत निम्मे ज्येष्ठच असतात, आणि मग राखीव जागाच कमी पडतात. सोप्या हिशेबासाठी आपल्या उदाहरणात असं घर नाही असं धरू.

आता खरी मेख, सावली आणि ऊन. १९ घरांची चिठ्ठी काढली की १२ स्टिल्टखाली, ५ उघड्यावर, २ बाहेर. दरवर्षी अशीच नुसती चिठ्ठी काढत राहिलात तर एखाद्याचं नशीब तीन वर्षं लागोपाठ उन्हात निघेल आणि नियमावरचा विश्वास उडेल. म्हणून फिरती पद्धत लिहा: यंदा उघड्यावर असलेली ५ आणि बाहेर राहिलेली २, अशा ७ घरांना पुढच्या वर्षी स्टिल्टखालची जागा आधी. स्टिल्टखाली उरल्या ५ जागा. त्या यंदाच्या १२ सावलीवाल्यांत चिठ्ठीनं. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही ती ७ घरं पुढच्या वर्षी उघड्यावर ५ आणि बाहेर २. सोबत एक ओळ हवी: एकदा बाहेर राहिलेलं घर, बाकी सगळ्यांची पाळी होईपर्यंत पुन्हा बाहेर राहणार नाही. आज सावलीत कायमचा बसलेला माणूस याला विरोध करेल हे गृहीत धरा. पण त्यालाही दिसतं की त्याची पाळी फार तर एक उन्हाळा चुकते.

वाटपाचं वर्ष १ एप्रिलपासून ठेवा. शुल्काचा हिशेब आर्थिक वर्षाशी जुळतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक अख्खा उन्हाळा एकसारखा येतो. शुल्काचा आकडा मसुद्यात भरू नका, कोरी जागा सोडा. फक्त स्टिल्टखालचं शुल्क उघड्यापेक्षा जास्त असावं असं सुचवा. दुचाकीसाठीही उपविधींप्रमाणे कमिटीची परवानगी आणि सभेनं ठरवलेलं शुल्क लागतं, पण ते या ठरावात कोंबू नका. दुचाकी, इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग, पाहुण्यांची गाडी हे विषय एकत्र आले की सभा रात्री साडेदहापर्यंत चालते आणि ठराव एकही होत नाही.

पत्र

एक पान, फार तर दीड. कुणाचं नाव नाही, कुणाच्या सदनिकेचा क्रमांक नाही, ‘मर्जीतले’, ‘दादागिरी’, ‘अन्याय’ हे शब्द नाहीत. ‘काही ठरावीक लोकांनी दोन-दोन जागा बळकावल्या आहेत’ असं लिहिण्याऐवजी ‘सध्या १७ जागा १४ सदनिकांकडे असून कार असलेल्या ५ सदनिकांना जागा नाही’ असं लिहा. दोन्ही वाक्यांत माहिती तीच आहे, पण दुसऱ्यावर कुणाला भांडता येत नाही. नमुना असा:

> प्रति,
> मा. सचिव,
> ……… सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
> छत्रपती संभाजीनगर
>
> दिनांक: ………
>
> विषय: कार पार्किंगच्या जागावाटपाचा नियम ठरवण्यासाठी सर्वसाधारण सभेपुढे प्रस्ताव ठेवणेबाबत.
>
> संदर्भ: संस्थेच्या मंजूर उपविधी क्र. ……… ते ……… (प्रत सोबत).
>
> महोदय/महोदया,
>
> मी सदनिका क्र. ……… ची सभासद आहे. माझ्या माहितीप्रमाणे संस्थेत कार लावण्यायोग्य १७ जागा आहेत. त्यांपैकी १२ स्टिल्टखाली व ५ उघड्यावर आहेत. कार असलेल्या सदनिका अंदाजे १९ आहेत. सध्या या जागा १४ सदनिकांकडे असून ५ सदनिकांच्या गाड्या रस्त्यावर लावाव्या लागतात. हे आकडे कमिटीने तपासून दुरुस्त करावेत, ही विनंती.
>
> पात्र सभासदांच्या गाड्या जागांपेक्षा जास्त असल्यास दरवर्षी चिठ्ठी काढून वाटप करण्याची तरतूद वरील उपविधींत आहे. मला उपलब्ध झालेल्या इतिवृत्तांत असे वाटप झाल्याची नोंद दिसत नाही. सध्याची व्यवस्था इमारत नवी असताना, गाड्या कमी असताना सोयीने झाली असावी. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.
>
> माझी विनंती अशी:
>
> पहिली, कमिटीने सर्व सभासदांकडून गाड्यांची माहिती, आरसीची प्रत आणि पार्किंगसंबंधी काही करार किंवा पत्र असल्यास त्याची प्रत मागवावी.
>
> दुसरी, मंजूर नकाशा व प्रत्यक्ष मोजणीनुसार जागांना क्रमांक द्यावेत, आणि हौद, पंप, वीज पॅनेल व टँकरची वाट मोकळी ठेवावी.
>
> तिसरी, सोबत जोडलेला ठरावाचा मसुदा येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत स्वतंत्र विषय म्हणून घ्यावा.
>
> चिठ्ठीत माझी सदनिका बाहेर राहिली तरी तो निर्णय मला मान्य राहील.
>
> या पत्रावरील कमिटीचा निर्णय मला लेखी कळवावा, ही विनंती.
>
> आपली,
> (सही, नाव, सदनिका क्र.)
>
> सोबत: १) उपविधींची संबंधित पाने २) जागांचा कच्चा नकाशा ३) ठरावाचा मसुदा

‘बाहेर राहिली तरी मान्य राहील’ ही ओळ काढायचा मोह होईल. काढू नका. नियम मागणारा माणूस स्वतःसाठी जागा मागत नाहीये, हे सभेला पटवायला दुसरी ओळ नाही.

ठरावाचा मसुदा वेगळ्या कागदावर, सभेत मोठ्यानं वाचता येईल असा:

> “ठरविण्यात येते की, संस्थेतील कार पार्किंगच्या जागांचे वाटप दरवर्षी १ एप्रिल ते ३१ मार्च या कालावधीसाठी करण्यात यावे. कार असलेल्या प्रत्येक पात्र सदनिकेस प्रथम एक जागा देण्यात यावी. पात्र सदनिका जागांपेक्षा जास्त असल्यास सभासदांसमक्ष चिठ्ठी काढावी. चालू वर्षी उघडी जागा मिळालेल्या किंवा जागा न मिळालेल्या सदनिकांना पुढील वर्षी स्टिल्टखालील जागेसाठी प्राधान्य राहील. एकदा जागा न मिळालेली सदनिका, इतर सर्व पात्र सदनिकांची पाळी होईपर्यंत पुन्हा वगळली जाणार नाही. जागा शिल्लक राहिल्यासच दुसरी जागा एका वर्षापुरती देण्यात यावी. नोंदणीकृत करारान्वये दिलेल्या जागांबाबत कमिटीने कागद तपासून स्वतंत्र निर्णय घ्यावा. स्टिल्टखालील जागेचे मासिक शुल्क रु. …… व उघड्या जागेचे रु. …… राहील.”

पोच, पाठिंबा आणि सभा

पत्राच्या दोन प्रती काढा. दुसऱ्या प्रतीवर सचिवांची किंवा संस्थेच्या कारकुनाची सही, तारीख आणि शिक्का घ्या. ‘ठेवा टेबलावर, बघतो’ म्हणाले तर वाद न घालता तेच पत्र स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा. एकाच इमारतीत पोस्टानं पत्र पाठवणं विचित्र वाटतं खरं, पण पुढे लागतो तो हाच कागद. वॉट्सअॅप ग्रुपवर पत्राचा फोटो टाकू नका. तिथं पत्र वाचलं जात नाही, पत्र लिहिणारा वाचला जातो.

वेळ महत्त्वाची आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी निघते. विषय विषयपत्रिकेत हवा, ‘आयत्या वेळचे विषय’ यात नको, कारण तिथं चर्चा होते आणि ठराव पुढे ढकलला जातो. म्हणून पत्र जुलैच्या सुरुवातीला द्या. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाच्या लेखी अर्जावर कमिटीनं पुढच्या बैठकीत निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर १५ दिवसांत कळवायचा असतो, म्हणजे ऑगस्टमध्ये तुम्हाला अंदाज येतो.

कमिटी विषय घ्यायलाच तयार नसेल तर कलम ७६ चा मार्ग आहे: एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. २४ चे एक पंचमांश म्हणजे ५ सह्या. रस्त्यावर गाड्या लावणारी घरं नेमकी पाचच आहेत, पण फक्त त्यांच्या सह्यांवर जाऊ नका. ज्यांच्याकडे उघड्यावरची जागा आहे त्यांना फिरत्या पद्धतीत सावली मिळणार आहे, त्यांना भेटा. ज्यांच्याकडे कार नाही अशी पाच घरं आहेत, त्यांना शुल्कामुळे संस्थेकडे पैसा जमेल हे सांगा. आणि वरच्या मजल्यावरच्या ज्या काकांकडे दोन जागा आहेत, त्यांच्याकडे सभेआधी स्वतः जा. ‘काका, गाडी काढा असं म्हणायला नाही आले. जागा उरली तर दुसरी तुमचीच, वर्षाच्या बोलीवर,’ एवढं घरात बसून सांगितलेलं असलं तर ते सभेत गप्प तरी बसतात.

सभेची गणपूर्ती आदर्श उपविधींप्रमाणे दोन तृतीयांश किंवा २० यांपैकी कमी असेल ती, म्हणजे इथं १६. ठराव झाला की इतिवृत्तात सूचक, अनुमोदक आणि मतं लिहिली आहेत का ते बघा. ‘पार्किंगवर चर्चा झाली’ अशी नोंद झाली तर काहीच झालेलं नाही.

चिठ्ठीचा दिवस

मार्चच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी, खाली स्टिल्टमध्येच. पात्र घरांची यादी आठ दिवस आधी नोटीस बोर्डावर लावायची, म्हणजे हरकती आधी येतात. दोन डबे घ्या: एकात सदनिकांचे क्रमांक, दुसऱ्यात जागांचे क्रमांक आणि ‘बाहेर’ लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या. दोन्ही डब्यांत १९-१९ चिठ्ठ्या हव्यात. घडी घालण्याआधी त्या सगळ्यांसमोर मोजून वाचून दाखवा. नंतर वाद होतो तो बहुतेक इथंच, ‘चौदा नंबरची चिठ्ठी डब्यात टाकलीच नव्हती’ असा. चिठ्ठ्या कमिटीतल्या कुणाच्याही घरच्या नसलेल्या लहान मुलानं काढाव्यात. तक्ता तिथंच भरून हजर सभासदांच्या सह्या घ्या आणि त्याच संध्याकाळी बोर्डावर लावा. खांबांत अडकलेली जागा मोठ्या गाडीला निघाली तर दोन घरांनी आपसांत लेखी अदलाबदल करावी, सचिवांनी तक्त्यात नोंदवावी. दुसऱ्या वर्षीच्या फिरतीसाठी हाच तक्ता लागणार आहे, म्हणून तो इतिवृत्ताच्या वहीत चिकटवा.

कमिटीनं दाद दिली नाही तर

पत्राला उत्तरच नाही, मागणी करूनही सभा नाही, कागद मिळत नाहीत, अशा गोष्टींसाठी सहायक किंवा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. तिथं पोच घेतलेलं पत्र, सह्यांचं मागणीपत्र आणि उपविधींची पानं जोडा. पण ‘त्यांची जागा काढून मला द्या’ ही मागणी तिथं नेऊ नका. पार्किंगचा वाद किंवा सभेच्या ठरावाविरुद्धचा वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा विषय आहे आणि आदर्श उपविधींतल्या तक्रारींच्या यादीतही पार्किंग त्याच न्यायालयाखाली घातलेलं आहे. स्टिल्टमध्ये बिल्डरनं खोली किंवा दुकान बांधून जागाच कमी केल्या असतील तर ती तक्रार वेगळी, महानगरपालिकेकडे, मंजूर नकाशाच्या प्रतीसह. पोलिसांत पार्किंगवाटपाची तक्रार घेऊन गेलात तर दोघांनाही समज देऊन परत पाठवतात. तिथं जायची वेळ गाडीची काच फोडली किंवा कुणी अंगावर आलं तरच.

सहकार न्यायालयात जायच्या आधी सगळे कागद घेऊन वकिलाला एकदा दाखवा, विशेषतः कुणाकडे बिल्डरचं पत्र किंवा करार असेल तर. निकाल लागेपर्यंत एक-दोन उन्हाळे जाऊ शकतात, म्हणून दावा दाखल केल्यावरही पुढच्या वार्षिक सभेसाठी तोच ठराव पुन्हा लेखी देत राहा. मधल्या काळात कमिटी बदलली आणि सभेनं तो मंजूर केला, तर तडजोडीचा अर्ज देऊन दावा मिटवता येतो.